खोलीपुरता राउटर

पुण्यात कर्वेनगर किंवा हिंजवडीकडे पीजी शोधताना मालक जेवण, गरम पाणी आणि वाय-फाय ही तीन नावं एका दमात घेतात. वाय-फायचं खरं स्वरूप राहायला गेल्यावर कळतं. नेटवर्कला पासवर्ड नसतो. फोन जोडला की एक पान उघडतं, त्यात मालकानं किंवा नेटवाल्यानं दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड टाकायचा, मग इंटरनेट सुरू होतं. फोनवर सगळं ठीक चालतं. तीच माहिती लॅपटॉपवर टाकली की पानावर उत्तर येतं : `no more sessions are allowed for user`. एका लॉगिनवर एकच उपकरण, किंवा मालक उदार असेल तर दोन.

खोलीत मात्र उपकरणं दोनवर थांबत नाहीत. फोन, लॅपटॉप, टॅब, भिंतीवरच्या छोट्या टीव्हीला लावलेली स्टिक, बोलका स्पीकर, इंजिनिअरिंगच्या मुलांकडे प्रकल्पासाठी घेतलेला एखादा ईएसपी बोर्ड. यातल्या स्पीकरला आणि बोर्डाला तर लॉगिनचं पान उघडायला ब्राउझरच नसतो. परवानगी असली तरी ती उपकरणं त्या दारातून आत जाऊ शकत नाहीत. तळहातावर मावणारा ट्रॅव्हल राउटर उपयोगी पडतो तो इथे.

तो नेमकं काय करतो हे समजण्यासाठी आधी ते लॉगिनचं पान कसं काम करतं हे पाहावं लागतं, कारण पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ त्यातच आहे.

फोन पीजीच्या वाय-फायला जोडला गेला की त्याला आयपी पत्ता मिळतो आणि फोन लगेच गुपचूप एक चाचणी करतो. अँड्रॉइड फोन `connectivitycheck.gstatic.com` या पत्त्याला हाक मारतो, आयफोन `captive.apple.com` ला. अपेक्षित उत्तर आलं तर इंटरनेट आहे. पण इमारतीच्या गेटवेनं, म्हणजे जिन्याखालच्या किंवा गच्चीवरच्या पेटीतल्या मुख्य राउटरनं, ती हाक मध्येच अडवलेली असते आणि उत्तराच्या जागी लॉगिनच्या पानाचा रस्ता दाखवलेला असतो. फोनला हे कळतं आणि तो ‘वाय-फायमध्ये साइन इन करा’ अशी सूचना देतो. पासवर्ड बरोबर निघाला की गेटवे आपल्या यादीत एक नोंद करतो. ती नोंद बहुधा उपकरणाच्या मॅक पत्त्याची असते. प्रत्येक वाय-फाय उपकरणाचा असा बारा अक्षर-अंकांचा पत्ता असतो. त्या पत्त्यावरून येणारी वाहतूक सोडायची, बाकीची पुन्हा पानाकडे वळवायची, एवढाच गेटवेचा नियम. पासवर्ड माणसाचा असला तरी दार उघडतं ते उपकरणासाठी.

ट्रॅव्हल राउटर या नोंदीची ती एक जागा स्वतः घेतो. एका बाजूनं तो पीजीच्या वाय-फायला साध्या फोनसारखा जोडला जातो आणि दुसऱ्या बाजूनं खोलीत स्वतःचं, स्वतःच्या पासवर्डचं वाय-फाय सुरू करतो. खोलीतल्या प्रत्येक उपकरणाला तो आपल्याकडचा खासगी पत्ता देतो आणि त्यांची सगळी वाहतूक आपल्या नावावर बाहेर पाठवतो. या पत्ते बदलण्याला नॅट म्हणतात. घरचा ब्रॉडबँड राउटरही हेच करतो, फक्त त्याच्या मागे केबल असते आणि इथे दुसऱ्याचं वाय-फाय. गेटवेला एकच उपकरण दिसतं, एकच मॅक पत्ता. त्यामुळे लॉगिनही एकदाच करावं लागतं, तेही खोलीतल्या कुठल्याही फोनवरून.

दुकानात गल्लत होते ती इथेच. ‘वाय-फाय वाढवायचं यंत्र द्या’ म्हटलं की दुकानदार रेंज एक्स्टेंडर काढून देतो. तो सिग्नल लांबवतो, पण मागच्या उपकरणांना स्वतःच्या एका नावाखाली घेत नाही, म्हणून लॉगिनचं पान प्रत्येक उपकरणाला वेगळं विचारत राहतं. सिमकार्ड घालायचं हॉटस्पॉट यंत्रही वेगळं, ते मोबाइलचा डेटा वापरतं. खोक्यावर `WISP` किंवा `Hotspot Router` असं काही लिहिलेलं असलं पाहिजे. टीपी-लिंकचे टीएल-डब्ल्यूआर८०२एन आणि ९०२एसी या जातीचे आहेत. जीएल-आयनेट ही कंपनी तर मुख्यतः याच कामाची छोटी यंत्रं बनवते. त्यांचा पिवळा ‘मँगो’ चाळीसएक ग्रॅम वजनाचा आहे आणि फोनच्या पाच व्होल्टच्या चार्जरवर चालतो. ‘ओपल’ आणि ‘बेरिल एएक्स’ हे त्याचे मोठे भाऊ.

खरेदीआधी फुकटचा उपाय करून पाहणं शहाणपणाचं. विंडोज १० आणि ११ मध्ये `Mobile hotspot` नावाची सोय आहे. लॅपटॉपवर लॉगिन करून ती सुरू केली की लॅपटॉपच हे राउटरचं काम करतो. सॅमसंगच्या आणि पिक्सेलच्या बऱ्याच फोनमध्येही वाय-फायवर असतानाच हॉटस्पॉट चालू करता येतो. सुट्टीच्या दिवशी टॅबवर एखादं व्याख्यान बघायचं असेल तर एवढं पुरतं. लॅपटॉप झोपला की सगळं बंद, ही त्यातली अडचण. स्पीकर, टीव्ही आणि बोर्ड चोवीस तास जोडलेले हवे असतील तर वेगळं यंत्र लागतंच.

आता एक खोली डोळ्यांसमोर आणू. कर्वेनगरमधला मुलींचा पीजी, दुसरा मजला, दोघींची खोली. प्रत्येकीला वेगळं लॉगिन, त्यावर एक उपकरण, वेग १० एमबीपीएस. त्यातल्या एकीकडे फोन, लॅपटॉप आणि टीव्ही स्टिक आहे. तिनं ओपल घेतला आहे आणि पीजीच्या मावशींना विचारून घेतलं आहे.

पहिलं काम राउटरवर नाही, फोनवर. फोनवरचं चालू लॉगिन तिनं बंद केलं पाहिजे. एका लॉगिनला एकच सत्र चालत असेल आणि ती जागा फोननं अडवून ठेवली असेल, तर राउटरला तोच `no more sessions` चा नकार मिळणार. लॉगिननंतर दिसणाऱ्या पानावर बहुधा लॉगआउटचं बटण असतं. ते पान हरवलं असेल तर फोनचं वाय-फाय बंद करून जुनं सत्र आपोआप मिटेपर्यंत थांबायचं. त्याला लागणारा वेळ नेटवाल्यानं काय ठरवलंय त्यावर अवलंबून असतो.

मग राउटर चार्जरला लावायचा. दोनेक मिनिटांत त्याचं स्वतःचं वाय-फाय फोनच्या यादीत दिसतं. नाव आणि पासवर्ड यंत्राच्या तळाशी चिकटवलेले असतात. जीएल-आयनेटच्या यंत्रांवर तो पासवर्ड सुरुवातीला `goodlife` असतो, आणि तो जगजाहीर असल्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतच बदलायचा. फोन त्या वाय-फायला जोडून ब्राउझरमध्ये `192.168.8.1` टाकलं की राउटरचं पान उघडतं. तिथे व्यवस्थापनाचा पासवर्ड ठरवायचा, मग `Repeater` या चौकटीत जाऊन आसपासची नेटवर्कं शोधायची आणि पीजीचं नाव निवडायचं. थोड्या वेळात जोडणी झाल्याचं दिसतं. इंटरनेट अजून नसतंच, कारण गेटवेच्या यादीत राउटरचं नाव चढायचं आहे.

शेवटची पायरी लॉगिनची. फोन राउटरच्या वाय-फायवर ठेवून नवं पान उघडायचं आणि `neverssl.com` टाकायचं. हा पत्ता मुद्दाम वापरायचा. बँकेचं किंवा गूगलचं पान https वर चालतं, त्यातली वाहतूक कुलूपबंद असते आणि गेटवेला ती वळवता येत नाही. उलट ब्राउझर प्रमाणपत्र चुकीचं असल्याचा इशारा देतो. `neverssl.com` साध्या http वर चालतं, म्हणून गेटवे ते अडवून लॉगिनचं पान पुढे करू शकतो. पासवर्ड टाकला की गेटवेच्या यादीत राउटरचा मॅक पत्ता चढतो. त्या क्षणापासून लॅपटॉप आणि टीव्ही स्टिक काहीही न विचारता चालू होतात.

हे वाचायला सरळ आहे. प्रत्यक्षात निम्म्या वेळा लॉगिनचं पान उघडतच नाही आणि लोक यंत्र खराब म्हणून परत करतात. दोष बहुतेकदा यंत्रात नसतो.

सगळ्यात साधं कारण फोनचंच असतं. राउटरच्या वाय-फायवर इंटरनेट नाही हे पाहून फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो. `neverssl.com` उघडतं, पण ते डेटावरून, आणि लॉगिनचं पान येत नाही. म्हणून लॉगिन करताना मोबाइल डेटा बंद ठेवायचा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘खासगी डीएनएस’ला एखादा ठराविक पत्ता घातलेला असेल, तर तोही तेवढ्यापुरता काढायचा. व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद.

दुसरं कारण राउटरच्या आत दडलेलं असतं आणि ते ओळखायला थोडी नजर लागते. लॉगिनच्या पानाचा पत्ता दिसतो, पण पान कोरं राहतं किंवा ‘सर्व्हर सापडला नाही’ असं येतं. पीजीचं लॉगिनचं पान इमारतीच्या आतल्या खासगी पत्त्यावर असतं, समजा `10.5.50.1`. बाहेरच्या नावाला असा खासगी पत्ता उत्तर म्हणून आला की राउटर त्याला फसवणूक समजतो आणि उत्तर टाकून देतो. एरवी ही सुरक्षा चांगलीच आहे, पण इथे ती लॉगिनच्या आड येते. राउटरच्या डीएनएस सेटिंगमध्ये `DNS Rebinding Attack Protection` नावाचा खटका असतो. तो बंद करून पान पुन्हा उघडायचं. राउटरवर कुणी गूगलचा किंवा क्लाउडफ्लेअरचा डीएनएस घातला असेल तर तेही काढून ‘आपोआप’वर ठेवायचं, कारण लॉगिनच्या पानाचं नाव फक्त इमारतीच्या गेटवेला माहीत असतं, बाहेरच्या कुणाला नाही.

तिसरी शक्यता क्वचित येते, पण आली की डोकं चक्रावतं. राउटरला पीजीच्या वाय-फायकडून मिळालेला पत्ताही `192.168.8` नंच सुरू होतो. म्हणजे राउटरच्या आतलं आणि बाहेरचं नेटवर्क एकाच आकड्यांचं झालं. मग कुठला पत्ता आतला आणि कुठला बाहेरचा हे त्याला ठरवता येत नाही. राउटरचा आतला पत्ता बदलून `192.168.77.1` असा काही केला की हा गोंधळ मिटतो.

काही वसतिगृहांत पानच नसतं. वॉर्डनच्या कचेरीत प्रत्येकाच्या उपकरणाचा मॅक पत्ता नोंदवून घेतात आणि तेवढीच उपकरणं चालतात. राउटरमध्ये फोनचा मॅक पत्ता उतरवून घेण्याची सोय असते आणि कुणीतरी सिनिअर ती हमखास सुचवतो. ती चालते, पण फोन त्याच वाय-फायवर पुन्हा जोडला की एकाच पत्त्याची दोन उपकरणं नेटवर्कवर येतात आणि दोन्ही अडखळायला लागतात. शिवाय अलीकडचे फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता वापरतात, त्यामुळे नेमका कुठला उतरवायचा यातही चूक होते. त्यापेक्षा राउटर बाहेरच्या जोडणीसाठी वापरतो तो मॅक पत्ता नोंदवून घ्या, असं कचेरीत सांगणं जास्त सोपं आणि जास्त सरळ आहे.

सुरू झाल्यावरही एक गोष्ट नेहमी होते. रात्री बारा वाजता किंवा ठरावीक तासांनी गेटवे सगळी सत्रं तोडतो. फोनवर वाय-फायच्या सगळ्या रेघा दिसतात, राउटरचा दिवा शांतपणे लागलेला असतो, आणि काहीच उघडत नाही. राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करून उपयोग होत नाही. कुठल्याही एका फोनवरून लॉगिनचं पान उघडून पुन्हा पासवर्ड टाकला की सगळ्यांचं इंटरनेट एकदम परत येतं.

वेगाबद्दल बऱ्याच भ्रामक अपेक्षा असतात. लॉगिनला १० एमबीपीएस मिळत असतील तर राउटरच्या मागच्या सगळ्या उपकरणांत मिळून १०च राहतात. मँगोसारख्या यंत्रात २.४ गीगाहर्ट्झचा एकच रेडिओ असतो. तोच पीजीच्या वाय-फायशी बोलतो आणि तोच खोलीतल्या उपकरणांशी. दोन्हींशी एकाच वेळी बोलता येत नाही, म्हणून त्याची वाहून नेण्याची ताकद साधारण निम्मी होते. पण ती ४० एमबीपीएसवरून २० झाली, तरी मुळात येणारे १० त्यातून आरामात जातात. इथे खर्च वाढवायचं कारण नाही. पीजीत ५० किंवा १०० एमबीपीएस मिळत असतील, तर मात्र ओपलसारखा दोन रेडिओंचा घ्यावा, बाहेरची जोडणी ५ गीगाहर्ट्झवर आणि खोलीचं वाय-फाय २.४ वर ठेवावं. ईएसपी८२६६सारखे बोर्ड आणि बरेचसे स्मार्ट बल्ब २.४ वरच चालतात, त्यामुळे ही वाटणी त्यांनाही सोयीची पडते. यंत्र कपाटात किंवा पलंगाखाली ठेवू नये. दाराजवळ, जिथे फोनला पीजीचं वाय-फाय सगळ्यात चांगलं मिळतं, तिथे ठेवावं.

लॉगिनच्या सोयीपेक्षा मोठा फायदा मात्र लोकांच्या लक्षात उशिरा येतो. पीजीच्या वाय-फायवर बहुधा एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशी भिंत घातलेली असते. अनोळखी शेजाऱ्यांपासून ती वाचवते, पण त्यामुळे स्वतःच्या फोनवरचा व्हिडिओ स्वतःच्याच टीव्हीवर टाकता येत नाही आणि प्रिंटर सापडत नाही. दोन्ही उपकरणं रीतसर लॉगिन करून चालू असली तरीही. राउटरच्या मागे ती एकाच खासगी नेटवर्कवर येतात आणि एकमेकांना दिसतात, पण शेजारच्या खोलीतून त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. राउटर आणि पीजीच्या वाय-फायमधला टप्पा मात्र पासवर्ड नसलेल्या नेटवर्कवर उघडाच राहतो. https ची पानं आणि ॲप त्यातही सुरक्षित असतात. त्याहून जास्त हवं असेल तर लॉगिन झाल्यावर राउटरवरच व्हीपीएन चालू करता येतो.

खोलीत भिंतीवर लॅनचा पॉइंट असेल तर वाय-फायऐवजी केबलनं राउटर जोडणं केव्हाही चांगलं. फक्त केबल `WAN` लिहिलेल्या छिद्रातच घालायची. ती चुकून `LAN` मध्ये गेली तर राउटर स्वतःला अख्ख्या मजल्याचा पत्ते वाटणारा समजू लागतो. शेजारच्या खोल्यांतल्या लॅपटॉपना इमारतीच्या गेटवेऐवजी या छोट्या यंत्राकडून पत्ते मिळायला लागतात आणि मजल्यावर कुणाला इंटरनेट येतं, कुणाला नाही. लक्षण स्पष्ट असतं : बंद पडलेल्या लॅपटॉपचा पत्ता `192.168.8` नं सुरू होतो. कॉलेजच्या वसतिगृहांच्या नियमावलीत खासगी राउटरला बंदी असते, ती बऱ्याचदा याच अनुभवातून आलेली असते.

म्हणून विचारणं महत्त्वाचं. स्वतःचे तीन-चार डबे एका लॉगिनवर लावणं आणि त्याच लॉगिनवर पैसे न भरणाऱ्या शेजारच्या खोलीला वाय-फाय देणं, यांत फरक आहे. पहिल्याला बहुतेक पीजी-मालक हरकत घेत नाहीत, त्यांना वेगाची मर्यादा पाळली गेली की पुरतं. दुसऱ्यात त्यांचा हक्काचा पैसा बुडतो. आणि धोका मालकाचा कमी, लॉगिन ज्याच्या नावावर आहे त्याचा जास्त. गेटवेच्या नोंदीत कुठल्या वेळी कुणाचं लॉगिन चालू होतं एवढंच राहतं. राउटरच्या मागे कोण होतं हे तिथे दिसत नाही. सर्ट-इननं एप्रिल २०२२ मध्ये सेवा देणाऱ्यांना अशा नोंदी १८० दिवस जपायला सांगितलं आहे. खोलीच्या वाय-फायचा पासवर्ड मैत्रीखातर चार जणांना दिला आणि त्यातल्या एकानं कुणाला धमकीचा मेल पाठवला, तर चौकशी सुरू होते लॉगिनच्या मोबाइल नंबरापासून.

एक ठिकाण असं आहे जिथे ही सगळी युक्ती लागू होत नाही. विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत ‘एज्युरोम’ किंवा तशा पद्धतीचं वाय-फाय असतं. तिथे पान उघडत नाही, जोडतानाच प्रत्येकाला स्वतःचं युजरनेम आणि पासवर्ड द्यावा लागतो. स्वस्त ट्रॅव्हल राउटरना अशा नेटवर्कला जोडून घेता येत नाही. जे घेऊ शकतात त्यांच्यासाठीही नियम आडवे येतात, कारण एज्युरोमचं लॉगिन दुसऱ्याला वापरू द्यायचं नसतं. तिथे ब्राउझर नसलेल्या उपकरणांसाठी संस्थेच्या संगणक केंद्रात अर्ज करावा. अनेक संस्था अशा उपकरणांसाठी वेगळं नेटवर्क ठेवतात.

पीजी सोडताना राउटर बॅगेत टाकण्याआधी चालू ठेवूनच लॉगिनच्या पानावरून लॉगआउट करायचं. नाहीतर पुढच्या रहिवाशाला तेच लॉगिन दिलं गेलं, तर जुनं सत्र काही काळ त्याची जागा अडवून बसतं. यंत्र दुसऱ्याला विकायचं असेल तर बाजूचं रीसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे पीजीच्या वाय-फायची नोंद आणि खोलीचा पासवर्ड दोन्ही पुसले जातात.